चौदा दिवसांची मुदत आणि कायमचा पत्ता

«यूट्यूब चॅनलचं हँडल बदललं तर जुन्या लिंका नव्या हँडलवर जातात का? आणि जुनं हँडल किती दिवस आपल्यासाठी राखीव राहतं?»

जातात, पण साधारण चौदाच दिवस. तेवढे दिवस जुना पत्ता आणि नवा पत्ता दोन्ही तुमच्याच चॅनलवर उघडतात. मुदत संपली की जुनं हँडल तुमच्या चॅनलपासून सुटतं आणि कोणालाही घेता येतं.

«काही होत नाही, यूट्यूब आपोआप वळवून देतं» हा सल्ला मी इतक्यांदा खोडला आहे की आता तो दिसला तरी राग येतो. तो देणारे खोटं बोलत नसतात, त्यांचा घोळ जुन्या पत्त्यांमुळे होतो. `@` ने सुरू होणारी ही हँडल 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आली. त्याआधी चॅनलला `youtube.com/user/…` किंवा `youtube.com/c/…` असा पत्ता मिळायचा. ज्यांच्याकडे हे पत्ते होते त्यांचे ते आजही चालतात, त्यांना चौदा दिवसांची अट नाही. ते पाहून लोक समजतात की `@` वाल्या पत्त्याचंही तसंच असणार. तसं नाही. जुने पत्ते आता नव्याने मिळतही नाहीत आणि बदलताही येत नाहीत, म्हणून ते जागेवर राहिले. हँडल बदलता येतं, म्हणूनच ते सुटतं.

आता खरी गोम कुठे आहे ते तारखा मांडून बघा. हँडल चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं. समजा, 1 तारखेला तुम्ही `@junenav` सोडून `@navenav` घेतलं. 3 तारखेला वाटलं की यात एक अंडरस्कोर हवा होता, म्हणून `@nave_nav` केलं. झाले दोन बदल. 6 तारखेला लक्षात आलं की लोक जुन्याच नावाने शोधताहेत, तेव्हा परत मूळ हँडलवर जावं. जाता येत नाही. हँडल तुमच्यासाठी राखून ठेवलेलं आहे, पण बदलाची संधी संपली आहे. पुढची संधी 1 तारखेपासून चौदा दिवस झाल्यावर, म्हणजे 15 च्या सुमारास. `@junenav` ची राखीव मुदतही नेमकी तेव्हाच संपते. थोडक्यात, ज्या दिवशी परत जायला परवानगी मिळते त्याच दिवशी ते सगळ्यांसाठी खुलं होतं. म्हणून दुसरा बदल स्पेलिंग सुधारण्यात उडवू नका, तो परतीचं तिकीट म्हणून हातात ठेवा. नवं हँडल आधी कागदावर लिहा, मोठ्याने कोणाला तरी सांगा आणि त्याला ते टाइप करायला लावा. कॅपिटल-स्मॉल अक्षरांची चिंता नको, हँडलला त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो टिंब, आडवी रेघ आणि अंडरस्कोर यांनी.

मुदत संपल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. जुनं हँडल कोणी घेतलं नाही तर लिंकवर «पान उपलब्ध नाही» असं दिसतं. हे त्यातल्या त्यात बरं, कारण बघणाऱ्याला कळतं की काहीतरी चुकलंय आणि तो नावाने शोधतो. वाईट म्हणजे दुसऱ्या कोणी ते घेणं. मग तुमची जुनी लिंक अगदी व्यवस्थित उघडते, फक्त दुसऱ्याच्या चॅनलवर. कुठेही चूक दाखवली जात नाही, तुम्हाला सूचना येत नाही, आणि ज्याने लिंक दाबली त्याला वाटतं की तुम्हीच आता हे व्हिडिओ टाकता. म्हणून पंधराव्या दिवशी आणि त्यानंतरही अधूनमधून जुनी लिंक खाजगी विंडोत उघडून बघा.

सगळ्या लिंका मात्र धोक्यात नसतात. व्हिडिओची लिंक, म्हणजे `watch?v=` आणि पुढे अकरा अक्षरं, हिचा हँडलशी संबंध नाही. प्लेलिस्टचंही तसंच. व्हिडिओच्या शेवटच्या पडद्यावर जोडलेलं सबस्क्राइबचं बटणही चालत राहतं. तुटतो तो फक्त `youtube.com/@…` हा पत्ता जिथे जिथे अक्षरांत लिहिलेला आहे तो: व्हिडिओंच्या वर्णनात, दुसऱ्यांच्या लेखांत, ईमेलच्या सहीत, छापलेल्या पत्रकावर. वर्णनं यूट्यूब स्टुडिओत एकाच वेळी अनेक व्हिडिओ निवडून बदलता येतात, त्यामुळे तो संध्याकाळभराचा उद्योग आहे. व्हिडिओच्या चित्रातच लिहिलेलं हँडल मात्र पुसता येत नाही. आणि छापलेला क्यूआर कोड तर अजिबातच बदलत नाही. त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींमध्ये पत्ताच अक्षर न् अक्षर भरलेला असतो. पत्ता मेला की कोड मेला.

याला उपाय एकच, आणि तो हँडल बदलण्याआधी करायचा. प्रत्येक चॅनलला `UC` ने सुरू होणारा चोवीस अक्षरांचा आयडी असतो. नाव बदला, हँडल बदला, तो बदलत नाही. यूट्यूबवर Settings मध्ये Advanced settings इथे तो सापडतो, किंवा `youtube.com/account_advanced` उघडलं की समोरच दिसतो. त्यापासून कायमची लिंक अशी होते:

```
https://www.youtube.com/channel/UCxxxxxxxxxxxxxxxxxxxxxx
```

दिसायला कुरूप आहे, मान्य. म्हणून ती छापू नका, क्यूआर कोडच्या पोटात घाला. तिथे कोणी वाचत नाही. स्वतःचं संकेतस्थळ असेल तर आणखी बरं: तिथे `/yt` असा छोटा पत्ता करा आणि तो या लिंकवर वळवा. वळवताना 302, म्हणजे तात्पुरतं वळण, वापरा, 301 नको. 301 म्हणजे कायमचं वळण असं ब्राउझर समजतो आणि लक्षात ठेवतो. पुढे तुम्ही वळण बदललं तरी आधी येऊन गेलेल्या लोकांना जुन्याच लिंकवर नेतो.

हे सगळं नीट लावून घेतलं, लिंका बदलल्या, की मग हँडलला हात लावा. क्रम उलटा केलात तर चौदा दिवस लिंका शोधण्यातच जातात, आणि त्यातल्या निम्म्या तुमच्या हातातच नसतात. दुसऱ्यांच्या लेखांमधल्या लिंका बदलायच्या तर त्यांना पत्र लिहायचं, त्यांनी ते वाचायचं, मग सवडीने बदलायचं. म्हणून सगळ्यात आधी त्यांनाच कळवा, आणि कळवताना नवं हँडल न देता `UC` वाली लिंक द्या.

आता काही अटी. चौदा दिवस हा यूट्यूबने सांगितलेला सर्वसाधारण कालावधी आहे, तुमच्याशी केलेला करार नव्हे. शेवटच्या दिवसावर काही अवलंबून ठेवू नका. हे सगळं फक्त यूट्यूबच्या हँडलपुरतं आहे, दुसऱ्या ठिकाणचे नियम वेगळे असतात. आणि नुसतं चॅनलचं नाव बदलायचं असेल तर ही भानगडच नाही. नाव आणि हँडल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नाव बदलल्याने एकही लिंक तुटत नाही. बरेच जण खरं तर नावच बदलायला निघालेले असतात आणि सोबत हँडलही उगाच बदलून बसतात.