थंडाई कचकचते ती कशामुळे?

*बदाम, मगज, खसखस, बडीशेप, मिरे सगळं रात्रभर भिजवते आणि सकाळी एकदमच मिक्सरला लावते. कितीही फिरवलं तरी थंडाई दाताखाली कचकचते. मिक्सर बदलू का? (विटा)*

मिक्सर राहू द्या, एकदम लावायचं तेवढं सोडा. माझीही अशीच फजिती झाली होती. रंगपंचमीला घरचे आणि शेजारचे मिळून वीस-पंचवीस जण होते, आणि मी सगळं मोठ्या भांड्यात भरपूर दूध घालून फिरवलं. पहिल्याच घोटाला धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, कृष्णेची वाळू घातली की काय?" ती वाळू म्हणजे खसखस होती. तिचा दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. पातळ दुधात तो पात्याच्या भोवती नुसता गरगरतो, पात्याखाली येतच नाही. शिवाय बदामाचे तुकडे मोठे असल्याने पातं त्यांनाच कापत बसतं.

कचकच दोन जातींची असते, आणि हे लक्षात आलं की निम्मं काम झालं. खसखस, बदाम, काजू, मगज या तेलबिया नीट वाटल्या की लोण्यासारख्या होतात, म्हणून त्या वाटायच्याच. बडीशेपेच्या शिरा आणि मिऱ्यांची सालं मात्र कितीही वाटा, कणच राहतात. त्यांचा वास काढून घ्यायचा आणि चोथा गाळून टाकायचा.

एक लिटर दुधाच्या सहा ग्लासांसाठी मी असं करते. तीस बदाम आणि दहा काजू सहा-सात तास भिजवते आणि बदाम सोलते. साल राहिली तर तिचे तपकिरी कण जिभेला लागतातच. दोन टेबलस्पून मगज त्यांच्यातच चालतो. दोन टेबलस्पून खसखस मात्र वेगळी, कोमट पाण्यात तीन तास. तिसऱ्या वाटीत दीड टेबलस्पून बडीशेप, वीस मिरे आणि आठ वेलदोड्यांचे दाणे अर्धी वाटी पाण्यात.

आधी खसखस एकटी. पाणी पूर्ण निथळून चटणीच्या छोट्या भांड्यात घ्या, दोन चमचे गार दूध घाला आणि दहा-दहा सेकंद थांबत थांबत फिरवा. मध्ये कडेचं खाली ओढत राहा. सलग फिरवलं तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि थंडाईवर तवंग येतो. पाते बुडत नाही इतकी कमी खसखस वाटली तर दुप्पट घ्या, उरलेली वाटून फ्रीजरमध्ये ठेवता येते. झालं की नाही हे बघायला स्टीलच्या ताटलीवर थोडी वाटण पसरून उजेडाकडे तिरपी धरा. गोल दाणे चमकताना दिसले तर अजून फिरवा. ती गुळगुळीत झाली की मगच बदाम, काजू, मगज त्यात घालून वाटा, दूध लागेल तसं चमच्या-चमच्याने.

शेवटी मसाला त्याच्या भिजवणीच्या पाण्यासकट वेगळा वाटून फडक्यातून पिळून घ्या. बनारसकडे पाटा-वरवंट्यावर वाटतात, त्यात दगड दाण्याला पकडून रगडतो. तुमच्याकडे पाटा असेल तर दोन चमचे खसखशीला मिक्सरपेक्षा तोच बरा.

*गाळली की निम्मे बदाम चोथ्यात जातात. महागाचे बदाम टाकवत नाहीत. न गाळता जमेल का? (कराड)*

वर सांगितल्याप्रमाणे मसाला वेगळा केलात तर बदामाची वाटण गाळायची गरजच पडत नाही. तरीही पाहुण्यांसाठी अगदी रेशमी हवी असेल तर जुनं मऊ धोतर किंवा मलमलीचं फडकं घ्या. आधी उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर साबणाचा वास दुधाला लागतो. ओलं करूनच वापरा, कोरडं फडकं पहिला रस स्वतःच पितं. पिळून उरलेला चोथा अर्धी वाटी दूध घालून पुन्हा वाटा, पुन्हा पिळा. दुसऱ्या खेपेलाही चांगलं पांढरं दूध निघतं. त्यानंतरचा चोथा शिऱ्यात ढकला, कुणाला कळत नाही.

*आमचे घरचे बेदाणे आहेत. साखरेऐवजी तेच वाटून घातले तर? (तासगाव)*

चव छान येते, पण दोन अडचणी आहेत. द्राक्षात आंबटपणा असतो, तो बेदाण्यात आणखी एकवटतो; गरम दुधात वाटण पडली तर दूध फाटू शकतं. म्हणून दूध पूर्ण गार झाल्यावरच घाला. आणि सालीचे तुकडे राहतात, ते गाळावेच लागतात. सुकवण्याआधी द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा कोमट पाण्याने दोनदा चोळून धुवा. मी सगळी साखर काढत नाही, निम्मी ठेवते.

*चाळीस जणांची करायची आहे. गेल्या वर्षी मोठं पातेलं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही ती कोमटच होती, मग बर्फ घातला तर पांचट झाली. (सांगली)*

खोल पातेल्याच्या मध्यापर्यंत गारवा पोचायला फार वेळ लागतो, आणि ऊन दूध आत गेलं की फ्रीजच तापतो. दूध तापवून उतरलं की पातेलं पाण्याच्या परातीत ठेवा, पाणी दोनदा बदला आणि ढवळत राहा, म्हणजे सायही धरत नाही. हाताला गार लागलं की वाटण मिसळा आणि दोन-दोन लिटरच्या पसरट डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा. पाच-सहा तास पुरतात.

बर्फाचा हिशेब असा. तीस अंशांची 200 मिलिलिटर थंडाई पाच अंशांवर आणायला साधारण 50 ते 60 ग्रॅम बर्फ वितळावा लागतो, म्हणजे ग्लासात पाव भाग पाणीच. तीच आठ-नऊ अंशांवर आलेली असेल तर दहा ग्रॅम पुरतो. त्यामुळे बर्फावर भिस्त ठेवू नका. त्यातूनही हवाच तर दोन-तीन ट्रे थंडाईच गोठवून तेच खडे टाका. वीज गेली तर घमेल्यात बर्फाचा चुरा आणि मूठभर जाडं मीठ घालून त्यात डबे उभे करा. मिठामुळे बर्फ शून्याच्याही खाली गार होतो. झाकण घट्ट हवं, खारट थंडाई कुणी पीत नाही.

माठात मात्र ठेवू नका. पाणी चांगलं गार होतं, पण दूध त्याच्या भोकांत मुरतं आणि तो माठ कायमचा आंबूस होतो.

गोडी कोमट असतानाच चाखत असाल तर जरा जास्तच ठेवा. थंड पेयाची गोडी जिभेला कमी जाणवते. लिटरला शंभर ग्रॅम मला बेताची वाटते.

*करताना दाट दिसते, तासाभराने तळाशी साका बसतो. (वाई)*

थोडा बसणारच, वाढताना डावाने तळापासून ढवळा. साका चिमटीत धरून चोळा. खरखरीत लागला तर वाटण कमी झाली आहे, मऊ लागला तर काही बिघडलेलं नाही. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर घालू नका, थंडाईची खीर होते. चार काजू वाढवा.

*रात्रभर भिजवलेल्या बदामांना सकाळी वास येतो. (मिरज)*

मार्चच्या उकाड्यात ओट्यावर बारा तास फार झाले. फ्रीजमध्ये भिजवा. पाणी चिकट, फेसाळ झालं असेल तर टाकून द्या. घाई असेल तर उकळतं पाणी ओतून वीस मिनिटं झाका. साल चटकन सुटते, वाटायला मात्र दोन फेऱ्या जास्त लागतात. दुधाविना वाटण फ्रीजमध्ये दोन दिवस राहते, दुधात मिसळलेली त्याच दिवशी संपवा.