झोपलेल्या विषाणूला गोळी का दिसत नाही

*प्रश्न: दरवर्षी आंबे काढायला लागलो की खालच्या ओठावर, अगदी त्याच जागी, फोडांचा पुंजका उठतो. असायक्लोविर घेतली की जातो. गोळी विषाणूला मारत असेल, तर तो पुढच्या वर्षी परत येतो कुठून?*

तो बाहेरून येत नाही, तुमच्या आतच असतो. कानाच्या थोडं पुढे, कवटीच्या तळाशी चेतापेशींची एक गाठ असते. तिला ट्रायजेमिनल गँग्लियन म्हणतात. ओठाचं दुखणं, खाजणं, गरम-गार लागणं हे सगळं तिथल्या पेशी मेंदूला कळवतात, आणि प्रत्येक पेशीचा एक लांब तंतू ओठाच्या कातडीपर्यंत आलेला असतो. बहुतेकांना हा हर्पीस विषाणू लहानपणीच मिळतो, घरातल्या कुणीतरी घेतलेल्या पाप्यातून. कातडीत वाढल्यावर तो तंतूच्या टोकात शिरतो. पेशीत मालाची ने-आण करणारी जी यंत्रणा असते तिच्यावरच बसून तो उलटा वर जातो आणि पेशीच्या केंद्रकात पोचतो.

तिथे त्याचं डीएनए वर्तुळाकार होतं. आपल्या गुणसूत्रांत ते मिसळत नाही, त्यांच्याशेजारी वेगळंच पडून राहतं. आपलं डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेलं असतं त्याच प्रथिनांवर तेही घट्ट गुंडाळलं जातं. विषाणूची सत्तरहून जास्त जनुकं जवळजवळ सगळी बंद होतात आणि एकाच भागाची नक्कल ठळकपणे चालू राहते. विषाणूचं प्रथिन बनत नाही, म्हणून पेशीला इजाही होत नाही. ही चेतापेशी तुम्हाला जन्मभर पुरणारी असते, आणि तिच्यासोबत तोही राहतो. पुंजका दर वेळी त्याच जागी का उठतो, त्याचं उत्तरही यातच आहे. त्या पेशीचा तंतू तिथेच उतरतो.

मी बरीच वर्षं फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवलं, आणि माझं सासर देवगडचं, कलमांच्या बागेतलं. माझ्या थोरल्या दिरांना, भावोजींना, हेच व्हायचं. घरातले सगळे म्हणायचे, आंबे काढायच्या झेल्यातून चीक उडाला. देठातून उडालेला चीक खरंच भाजतो, त्यामुळे शंका रास्त होती. पण दोन्हींत फरक ओळखता येतो. चिकाचा डाग जिथे थेंब पडला तिथे उठतो: आज गालावर, उद्या मनगटावर. भावोजींना आदल्या संध्याकाळी ओठाच्या एकाच कोपऱ्यात मुंग्या यायच्या, सकाळी तिथे लाली, दुपारपर्यंत पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस. आठ-दहा दिवसांत खपली धरून जायचा. आधी मुंग्या आणि दर वर्षी तीच जागा, हे चिकाचं लक्षण नव्हे. हा आपल्याकडे ज्याला ओठावर जर येणं म्हणतात तो प्रकार.

एप्रिलच्या उन्हात काय होतं? अतिनील किरणांनी कातडीला आणि तिच्यातल्या तंतूंना इजा होते, आणि ओठाच्या कातडीतली पहारेकरी पेशींची फळीही काही दिवस दुबळी होते. इकडे गँग्लियनमध्ये चेतापेशीच्या आत तणावाचे संकेत चालू होतात, डीएनएवरची घट्ट गुंडाळी सैल पडते आणि बंद जनुकं वाचली जाऊ लागतात. गँग्लियनभोवती प्रतिकारपेशी विषाणूला दाबून बसलेल्या असतात. ताप, मोठं आजारपण, जागरण यांनी त्यांचाही जोर कमी होतो. मग नवे विषाणूकण तंतूतून ओठाकडे उतरतात, आणि आपल्याला मुंग्या जाणवतात.

आता गोळीकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. असायक्लोविर स्वतः काहीच करत नाही. डीएनएच्या चार मण्यांपैकी ग्वानिन या मण्याची ती नक्कल आहे, फक्त तिची साखरेची कडी अर्धवट तोडलेली आहे. काम करण्यासाठी तिच्यावर तीन फॉस्फेट चढावे लागतात. दुसरा आणि तिसरा आपल्याच पेशीची विकरं चढवतात. पहिला चढवायला मात्र आपली विकरं जवळजवळ तयार नसतात. तो चढवतं विषाणूचं स्वतःचं विकर, थायमिडिन कायनेज. म्हणून तयार औषध फक्त विषाणू जागा असलेल्या पेशीत साठतं, आणि एकदा फॉस्फेट चढला की ते पेशीबाहेरही पडू शकत नाही.

पुढे विषाणूचं डीएनए जोडणारं विकर ते खरा मणी समजून साखळीत ओवतं. जाळं विणताना प्रत्येक गाठीनंतर पुढच्या गाठीसाठी दोरा उरावा लागतो. या मण्यात तो दोराच नाही, कारण पुढचा मणी जिथे जोडायचा ते टोक साखरेतून काढून टाकलेलं आहे. साखळी तिथेच संपते आणि विकरही त्या टोकाशी अडकून बसतं. आपलं स्वतःचं डीएनए विकर या मण्याला फारसं भुलत नाही, म्हणून निरोगी पेशी वाचतात. गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही निवडक मारा करण्याची रीत 1977 मध्ये मांडली. एलियन यांना 1988 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

आता झोपलेल्या विषाणूकडे परत या. त्याचं थायमिडिन कायनेज बनतच नाही, त्यामुळे पहिला फॉस्फेट चढत नाही. शिवाय तो डीएनएच्या नकलाही काढत नसतो, म्हणजे थांबवायला साखळीच नाही. गोळी ज्या कारणाने तुमच्यासाठी निर्धोक आहे, त्याच कारणाने ती त्याला शोधू शकत नाही. मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते यापुढचं. विषाणू हे विकर बाळगतोच का? कारण प्रौढ चेतापेशी विभागत नाही आणि डीएनएचे मणी साठवत नाही. तिच्यात जागं व्हायचं तर मणी स्वतःच बनवावे लागतात, आणि त्यासाठीच हे विकर लागतं. औषधाला दाद न देणारे विषाणू बहुधा हेच विकर गमावून बसलेले असतात, आणि म्हणूनच चेतापेशीतून परत जागे होताना ते लंगडे पडतात. असा प्रतिकार मुख्यतः प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत दिसतो. आठवडा-दहा दिवस नीट गोळ्या घेऊनही फोड वाढतच असतील तर डॉक्टरांना तो संशय घ्यावा लागतो.

व्यवहारात यातून निघतं ते वेळेचं गणित. फोड पूर्ण भरेपर्यंत बहुतेक नकला निघून गेलेल्या असतात, आणि त्या वेळी घेतलेली गोळी फारसं वाचवत नाही. भावोजी पूर्वी तिसऱ्या दिवशी सुरू करायचे आणि म्हणायचे, औषधाने फरक पडला. तो फोड तसाही ओसरत होता. डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच घेऊन ते आता पहिल्या मुंग्यांनाच सुरू करतात. 200 मिलीग्रॅम दिवसातून 5 वेळा, 5 दिवस, हा नेहमीचा डोस. पाच वेळा यासाठी, की तोंडाने घेतलेल्यातलं फक्त 10 ते 20 टक्के रक्तात उतरतं आणि तेही तीनेक तासांत निम्मं होतं. औषध मूत्रपिंडातून जातं, म्हणून उन्हात राबणाऱ्याने पाणी भरपूर प्यायला हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस डॉक्टरांनीच ठरवावा. व्हॅलासायक्लोविर हे त्याचंच जास्त शोषलं जाणारं रूप, त्यात वेळा कमी लागतात.

काढणीच्या दिवसांत ओठांवर सनस्क्रीन लावा. अतिनील किरणांच्या नियंत्रित प्रयोगांत त्याने फोड रोखले आहेत. प्रत्यक्ष उन्हात परिणाम तितका पक्का नसतो, तरी टोपीसोबत लावा. वर्षातून अनेकदा येत असेल तर डॉक्टर रोजची गोळी देतात. ती घेत असेपर्यंत फोड कमी येतात, बंद केल्यावर पुन्हा सुरू होऊ शकतात.

फोड ओला असताना तान्ह्या बाळाला अजिबात पापी देऊ नका, नवजात बाळाला हा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. आणि कधी डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तोच विषाणू बुबुळावर उतरला तर तिथे व्रण राहतो.