चौथ्या आठवड्यातला अबोला आणि 'बघू' या शब्दाचे दोन अर्थ

प्रश्न: घरच्यांनी सुचवलेल्या स्थळाशी चार आठवडे बोलणं चालू आहे. शनिवारी रात्री मी मेसेज केला, त्याने तो वाचला, पण उत्तर सकाळी आलं, 'झोपलो होतो'. मी तुटक बोलले. तेव्हापासून दोघंही कामापुरतंच बोलतोय. आमचे स्वभाव जुळत नाहीत असं समजायचं का?

उत्तर:

एवढ्यावरून ते कळणार नाही. वाचून उत्तर न देण्याचा तुमच्याकडे एक अर्थ आहे, त्याच्याकडे कदाचित दुसरा, आणि हे दोन अर्थ अजून समोरासमोर आलेले नाहीत. लग्न ठरायच्या आधी आमच्यातही अगदी असंच झालं होतं. ते जरा सविस्तर सांगते, कारण तेव्हा काय बोललो आणि कसं बोललो यावरच पुढचं सगळं ठरलं.

मी ठाण्याची, नौपाड्यात वाढलेली. तो कोपरखैरण्याचा, नोकरी रबाळ्याला एमआयडीसीत, शिफ्टची. स्थळ मावशीने सुचवलेलं. तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी मी मेसेज केला, 'रविवारी संध्याकाळी तलावपाळीला भेटायचं का?' उत्तर आलं, 'बघू.'

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. लहानपणी कुठे जायचा हट्ट धरला की आई 'बघू' म्हणायची आणि विषय तिथेच मिटायचा. मी तो नकार समजले. वाईट वाटलं, पण विचारलं नाही. रविवारी दुपारी मुलुंडला मावशीकडे निघून गेले. संध्याकाळी सव्वासहाला फोन वाजला. 'मी पोचलो. जांभळी नाक्याच्या बाजूला उभा आहे. तू कुठे आहेस?'

मी म्हटलं, 'तू तर बघू म्हणाला होतास.'

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग, 'बरं. राहू दे,' आणि फोन ठेवला.

त्या रात्री माझ्या मनात जे चाललं होतं ते असं: याला स्पष्ट बोलता येत नाही, हा माणूस मला आयुष्यभर अधांतरी ठेवणार. त्याच वेळी त्याच्या मनात काय होतं, ते त्याने नंतर सांगितलं: हिला माझ्या वेळेची किंमत नाही, नाईट करूनही मी ट्रेन पकडून आलो आणि ही मावशीकडे. एका दोन अक्षरी शब्दावरून आम्ही दोघांनी एकमेकांचा अख्खा स्वभाव ठरवून टाकला होता. आपण स्वतः चुकलो की आपल्याला कारण माहीत असतं, दमलो होतो, पाहुणे होते, फोन दुसऱ्या खोलीत होता. समोरच्याचं कारण दिसत नाही, म्हणून त्या रिकाम्या जागेत आपण त्याचा स्वभाव भरतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत हे जास्त होतं, कारण तुलनेला दुसरं काहीच नसतं. दहा वर्षांच्या मैत्रिणीने एक रात्र उत्तर दिलं नाही तर तिच्या शंभर चांगल्या आठवणी त्या रात्रीशेजारी उभ्या राहतात. चार आठवड्यांच्या ओळखीत अशा आठवणी पाच-सहाच असतात, मग ती एक रात्र सगळी जागा व्यापते. त्यात स्थळ म्हणून भेटलेलो असलो की घरातली भाषाही गुण मोजण्याचीच असते. पत्रिकेत ३६ पैकी १८ जुळले की चालतं म्हणतात, मग आपणही प्रत्येक प्रसंगाला मनातल्या मनात गुण देत बसतो.

हे मोजणं नुसतं त्रासदायक नाही, त्याचा नात्यावर परिणामही होतो. सी. रेमंड नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच विषयावर आहे. 'जुळायचं असेल तर पहिल्यापासूनच जुळतं' असं काहींना ठाम वाटतं. अशा लोकांचं नातं टिकणं हे सुरुवातीला किती बरं वाटलं यावर जास्त अवलंबून होतं. सुरुवात मनासारखी नसली तर ते लवकर बाहेर पडत. 'अडचणी सोडवत सोडवत नातं घडतं' असं मानणारे लोक खटका उडाला की त्यावर काहीतरी करायला बघत. अभ्यास तिकडच्या कॉलेजच्या मुलामुलींचा आहे, आपल्याकडच्या ठरवून होणाऱ्या लग्नांचा नाही, म्हणून तो जसाच्या तसा लावू नये. पण माझ्या त्या रविवारच्या रात्रीचं वर्णन मात्र त्यात सापडतं.

आता मेसेजबद्दल, कारण तुमचं आणि आमचं दोघांचंही तिथेच बिनसलं. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने लिहून ईमेलने पाठवायची, दुसऱ्याने सूर ओळखायचा. पाठवणाऱ्यांना वाटलं होतं की साधारण ७८ टक्के वेळा सूर बरोबर पोचेल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा पोचला. दोनच पर्याय असताना डोळे मिटून सांगितलं तरी ५० टक्के बरोबर येतात, म्हणजे वाचून फारसा फरक पडला नव्हता. आवाजातून सांगितल्यावर हा आकडा ७० टक्क्यांच्या वर गेला. 'झोपलो होतो' हे वाक्य तुम्ही कोणत्या सुरात वाचलंत ते आठवून बघा. तो सूर मेसेजमध्ये नव्हता.

आम्ही काय केलं ते सांगते. रविवारी रात्री काहीच नाही. मी लांबलचक मेसेज लिहिला होता, 'तू नेहमीच असं करतोस' अशा थाटाचा, पण पाठवला नाही. तीन आठवड्यांत 'नेहमी' म्हणण्याइतकं काही घडलेलंच नव्हतं. मैत्रिणीला स्क्रीनशॉटही पाठवले नाहीत, आणि हे मी आजही सगळ्यांना सांगते. तिने एकदा 'सोड त्याला' म्हटलं की आपलं मिटलं तरी तिच्या मनात ते मिटत नाही, आणि पुढच्या वेळी आपण तिच्या डोळ्यांनी बघायला लागतो.

सोमवारी संध्याकाळी, त्याची शिफ्ट सुटून तो घरी पोचल्यावर, मी फोन केला. आधी विचारलं, 'आता दहा मिनिटं बोलता येईल का?' मग जे घडलं ते आधी सांगितलं आणि मला काय वाटलं ते त्यानंतर, दोन्ही वेगवेगळं. 'तू गुरुवारी बघू म्हणालास. मी त्याचा अर्थ नाही असा घेतला. मला वाटलं, तुला यायचंच नाहीये. तू ताटकळत उभा राहिलास याचं वाईट वाटतंय. तू बघू म्हणतोस तेव्हा तुझ्या मनात काय असतं?'

तो थोडा थांबून म्हणाला, 'आमचा शिफ्टचा चार्ट शुक्रवारी संध्याकाळी लागतो. त्याच्या आधी हो म्हटलं आणि रविवारी ड्यूटी लागली तर शब्द मोडतो. म्हणून बघू. यायचंच होतं मला.'

त्याच्या घरी वडीलही शिफ्टवालेच. तिथे 'बघू' म्हणजे 'मनात आहे, चार्ट लागू दे.' त्याच शब्दाला माझ्या घरी 'नाही' म्हणतात. मी मग विचारलं, 'शुक्रवारी चार्ट लागल्यावर मला का नाही कळवलंस?' तो म्हणाला, 'मला वाटलं ठरलंच आहे.' इथे त्याची चूक होती आणि ती त्याने कबूल केली. गुरुवारीच विचारायला हवं होतं, ही माझी. फोनवर ठरलं ते एवढंच, की 'बघू' म्हटलं तर त्याच्यापुढे वार लावायचा: 'बघू, शुक्रवारी रात्री सांगतो.' आणि ज्याला शंका आली त्याने त्याच दिवशी विचारायचं.

पुढच्याच महिन्यात तो पुन्हा नुसतं 'बघू' म्हणाला. मी लिहिलं, 'वार?' दोन मिनिटांत उत्तर आलं, 'शुक्रवार. सॉरी.' मला धीर आला तो इथे. चूक पुन्हा झाली, पण एका शब्दात दुरुस्तही झाली.

म्हणून माझं मत असं की पहिल्या खटक्यावरून माणूस जोखू नये, त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांवरून जोखावा. तुम्ही शांतपणे सांगितल्यावर तो ऐकून घेतो का? आपली बाजू सांगतो, पण तुमचीही विचारतो का? की 'तू फार मनाला लावून घेतेस' म्हणून विषय उडवतो, किंवा मुद्दाम दिवसचे दिवस गप्प राहून तुम्हीच माफी मागाल असं बघतो? एकदा नीट सांगून, ठरवूनही तीच गोष्ट तिसऱ्या-चौथ्यांदा तशीच झाली, तर तिला गैरसमज म्हणता येणार नाही.

काही गोष्टी तर पहिल्यांदा घडल्या तरी गैरसमजाच्या खात्यात टाकू नका: ओरडणं, अपमान करणं, तुमच्या फोनचा पासवर्ड मागणं, कोणाला भेटायचं यावर बंदी, किंवा त्याच्याशी बोलताना तुम्हाला वाटणारी भीती. आणि लग्नानंतर कुठे राहायचं, नोकरी, मुलं, घरखर्च, यांबद्दल मतं वेगळी असतील तर ते शब्दांचं प्रकरण नाही. तिथे फोनवरची दहा मिनिटं पुरणार नाहीत. घाई न करता समोरासमोर बसून बोला, आणि तरीही जमत नसेल तर नाही म्हणायला काहीच हरकत नाही.

तुमच्या बाबतीत मला एक गोष्ट खटकते. मेसेज वाचला होता आणि तरी 'झोपलो होतो' म्हणाला, ही विसंगती तुम्हाला बोचतेय ना? ती मनात ठेवू नका, पण आरोप म्हणूनही मांडू नका. लोक झोपेत डोळे किलकिले करून मेसेज उघडतात आणि सकाळी त्यांना आठवतही नाही. काहीजण काय लिहावं ते न सुचल्यामुळे सकाळवर टाकतात. काहीजण टाळतात. यातलं कोणतं, ते फक्त त्यालाच विचारून कळेल.

आज किंवा उद्या संध्याकाळी फोन करा, त्याचं जेवण झाल्यावर. म्हणा, 'शनिवारी तू मेसेज वाचलेला दिसला आणि उत्तर आलं नाही, तेव्हा मला वाटलं की तुला बोलायचं नाहीये. सकाळी मी तुटक बोलले ते त्यामुळे, आणि तसं बोलायला नको होतं. त्या रात्री नेमकं काय झालं होतं?' आणि मग तुम्ही थांबा. लगेच पुढचं वाक्य बोलू नका, त्याला उत्तर शोधायला वेळ लागला तरी. त्यानंतर साधं विचारा, रात्री साधारण किती वाजता फोन बाजूला ठेवतोस, आणि तुमची वेळही सांगा.