दोन वर्षांच्या मुलीशी खोटं-खोटं खेळताना

ताई, खेळता खेळता मुलीचं बोलणं वाढवायचं तर सुरुवातीला एकच खेळ घ्या: बाहुलीला चहा. दुकानातला किचन सेट नको, घरातलंच छोटं पातेलं, दोन स्टीलचे पेले आणि चमचा पुरे. या वयात खऱ्यासारखी वस्तू हातात असली की मुलांना खेळ पटकन कळतो. ठोकळ्याला बिस्किट मानणं थोडं पुढे येईल.

आधी तुम्ही करून दाखवा. पेल्यात ओता, फुंकर घाला, "हुश्श, गरम!" म्हणा, बाहुलीला पाजा. मग पेला मुलीपुढे ठेवून गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा. हे थांबणंच सगळ्यात अवघड, आणि बोलणं येतं ते बहुतेक त्याच जागेत.

ती "चहा दे" म्हणाली, तर तुम्ही "बाहुलीला चहा दे" म्हणा. "चहा सांडला" म्हणाली, तर "गरम चहा सांडला. पुसूया?" तिच्या वाक्याला एक-दोनच शब्द जोडायचे, तिच्याकडून वदवून घ्यायचं नाही.

नव्या आईबाबांचं हमखास चुकतं ते इथे:
- "हे काय? रंग कोणता?" अशी परीक्षा घेणं. मूल मान फिरवतं, खेळ संपतो.
- रोज नवा खेळ काढणं. तोच चहा आठवडाभर चालू द्या. ओळखीच्या क्रमातच ती स्वतःहून बोलेल.

ती स्वतःच बाहुलीला भरवायला लागली की मग लोकल खेळा: दोन उश्या म्हणजे सीट, "पुढचं स्टेशन दादर", आणि उतरायचं कुठे ते तिला ठरवू द्या.