करारातली तारीख आणि चित्रावरचं साल

प्रश्न: चित्रकार कोणाकडे शिकला, आश्रयदाते कोण, कार्यशाळा कधी चालली, हे जुन्या करारांवरून आणि सही-साल असलेल्या चित्रांवरून कसं शोधायचं?

उत्तर: करारातून काम कधी ठरलं ते कळतं, चित्रावरच्या सालातून ते कधी संपलं. मधल्या वर्षांसाठी काम देणाऱ्याची हिशेबवही बघा. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या गिर्लांदायो या चित्रकाराचं उदाहरण घ्या. तिथल्या अनाथालयाच्या प्रमुखाने १४८५ मध्ये त्याच्याशी एका चित्रासाठी ११५ फ्लोरिनचा, म्हणजे तिथल्या सोन्याच्या नाण्यांचा, करार केला. महागडा निळा रंग कोणत्या भावाचा वापरायचा, हेही त्यात आहे. चित्रावर साल आहे १४८८.

करारात ‘सगळं स्वतःच्या हाताने’ अशी अट होती. तरी खालच्या पट्टीतली छोटी चित्रं बार्तोलोमेओ दी जोव्हान्नी या दुसऱ्या चित्रकाराची. ते कळतं त्याला वेगळे पैसे दिल्याच्या नोंदीवरून. म्हणून अशा अटीवर किंवा नुसत्या सहीवर फार विसंबू नका.

शिष्याचंही तसंच. मायकेलअँजेलोचा गिर्लांदायोकडचा तीन वर्षांचा शिकाऊ करार एप्रिल १४८८ चा आहे, पण जून १४८७ मध्येच त्याने गिर्लांदायोचे तीन फ्लोरिन आणून दिल्याची नोंद सापडते. म्हणजे करारापूर्वीच तो तिथे वावरत होता. शिकण्याची सुरुवात कराराच्या तारखेला धरली, की वर्षं चुकतात.