कोल्हापूरच्या दंडाचा मेसेज खरा की खोटा?

गाडी बेळगावची, केए-22, कोल्हापुरात सिग्नल तोडला म्हणून दंडाचा मेसेज आलाय. भरू का?

आधी त्यातली लिंक सोडा. सोबत .apk फाइल असेल तर मेसेज खोटाच, पुढं वाचूही नका. कोगनोळीच्या सीमेपलीकडचं चलन महाराष्ट्राचं, म्हणून ब्राउझरमध्ये स्वतः mahatrafficechallan.gov.in टाइप करा. गाडी नंबर आणि आरसीवरच्या चेसिस नंबरचे शेवटचे 4 अंक घाला. चलन निघालं तर भरण्याआधी फोटो उघडा. कधी कधी नंबर वाचण्यात चूक होते आणि भलत्याच्याच स्कूटरचा फोटो निघतो. मग तिथंच तक्रार नोंदवा. दंड बेळगावकडचा म्हणत असतील तर आरसी घेऊन ट्रॅफिक ठाण्यात विचारलेलं बरं. ती .apk फाइल आधीच उघडली असेल तर नेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर हेल्पलाइन 1930 ला कळवा.