सभासद नसलेल्याला युनियनचा करार लागू होतो का?

प्रश्न: आमच्या कंपनीत युनियनने मॅनेजमेंटशी पगारवाढीचा करार केला आहे. मी सभासद नाही. एचआर म्हणतं, करार सगळ्यांना लागू आहे. हे खरं आहे का?

कराराचं शेवटचं पान बघितल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. एचआरचं तोंडी म्हणणं तर मुळीच धरून चालू नका.

मी चाकणला मशीन शॉपमध्ये आहे. आमच्याकडे युनियनने पगारवाढीच्या बदल्यात शिफ्टचं उत्पादन ११० नगांवरून १३२ वर नेऊन दिलं. मी सभासद नव्हतो आणि माझ्या जुन्या मशीनवर १३२ निघणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. सुपरवायझर म्हणाला, "करार झालाय, आता सगळ्यांना बंधनकारक." माझा मेव्हणा त्याच युनियनचा चिटणीस. त्यानेही घरी येऊन तेच ऐकवलं, वर "दुसऱ्यांनी लढायचं आणि तू फुकट खायचं" असंही म्हणाला.

मी कराराची प्रत मागून घेतली. शेवटच्या पानावर कंपनीच्या दोघांच्या सह्या, युनियनच्या पाच जणांच्या सह्या आणि एक गोल शिक्का होता. सगळे त्या शिक्क्याकडे बोट दाखवत होते. नीट वाचलं तर तो कामगार आयुक्त कार्यालयाचा आवक शिक्का निघाला. म्हणजे प्रत तिथे नेऊन दिली, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी समेट अधिकाऱ्याची सही कुठेच नव्हती, समेटाची कार्यवाही चालू असल्याचा उल्लेखही नव्हता.

सगळी गोम इथेच आहे. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात दोन तऱ्हेचे करार होते. मालक आणि युनियनने आपापसात केलेला तो कलम १८(१) चा. तो करणाऱ्यांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर, त्याच्या मदतीने आणि संमतीने झालेला तो १२(३) चा. तो १८(३) प्रमाणे त्या आस्थापनेतल्या प्रत्येक कामगाराला बांधतो. सभासद असो वा नसो, दुसऱ्या युनियनचा असो, अगदी उद्या कामाला लागणारा असो. रामनगर केन अँड शुगरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० सालीच हे सांगितलंय.

आमचा करार १८(१) चा होता. मी लेखी कळवलं की मी यात पक्षकार नाही. १३२ ची सक्ती थांबली. पण पगारवाढही मिळाली नाही, आणि ते रास्तच होतं. करार हा सगळा मिळून एक असतो. वाढ घेतो पण नग वाढवणार नाही, असं म्हणणाऱ्याला कोर्ट दारातही उभं करत नाही. म्हणून फुकट खाण्याचा आरोप मी तेव्हाही मानला नाही, आजही मानत नाही. पुढचा करार मात्र समेट अधिकारी म्हणून बसलेल्या सहाय्यक कामगार आयुक्तांसमोर १२(३) खाली झाला. त्यावर माझी सही नसतानाही मी तो पाळला, कारण तो मला लागूच होता.

त्यातही एक कलम होतं, थकबाकीतून युनियनसाठी लेव्ही कापायचं. त्याला मी लेखी हरकत घेतली आणि पोच ठेवली. कामगाराच्या लेखी संमतीशिवाय युनियनची सभासद वर्गणी पगारातून कापता येत नाही, तशीच ही लेव्हीही कापू नये, असं मी कळवलं. माझी कापली नाही. मेव्हण्याला हे अजून टोचतं, पण कामाच्या अटी ठरवणं वेगळं आणि माझ्या खिशातून युनियनचा फंड भरणं वेगळं.

महाराष्ट्रात असाल तर आणखी एक गोष्ट तपासा: तुमची युनियन नुसती नोंदणीकृत आहे की १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याखाली औद्योगिक न्यायालयाने मान्यता दिलेली आहे? मान्यताप्राप्त युनियन असेल तर राज्याच्या दुरुस्तीमुळे तिचा जुन्या कायद्याखालचा १८(१) चा करारही सगळ्यांना लागू होतो. यातून बडतर्फी, कामगार कपात, निलंबन असे विषय वगळलेत. आमची नुसती नोंदणीकृत होती. मान्यतेला किमान ३० टक्के सभासद लागतात, आणि तेवढे त्यांच्याकडे नव्हते. मेव्हणा ही गोष्ट कधी बोलायचा नाही.

हे सगळं जुन्या कायद्याचं झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. समेट अधिकाऱ्यासमोरचा करार सगळ्यांना बांधतो हे त्यातही कायम आहे, पण वाटाघाटी कोणी करायच्या याचे नियम बदललेत. एकाहून जास्त युनियन असतील तर ५१ टक्के कामगार जिच्याकडे ती एकटी वाटाघाटी करते. तेव्हा करारावरची तारीखही बघा आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ नंतरची असेल तर कामगार कायद्याच्या वकिलाला प्रत दाखवूनच एचआरला लेखी उत्तर द्या.